घरगुती हवामान केंद्र (नाशिक)

पाऊस, वारा व हवेचा दाब यांची नियमित नोंद घरच्या आवारात करण्याची व्यवस्था. पर्जन्यमापक, वातवेगमापक आणि वायुभारमापक ही तिची प्रमुख उपकरणे होत. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तेथून 45 किमीवर असलेल्या नाशिक शहरात तो त्याच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास येतो आणि सिन्नर-येवल्याकडे आणखी घटतो. एका केंद्राचा आकडा साऱ्या तालुक्याला लागू पडत नसल्याने येथे स्वतःच्या आवारातील नोंदीला विशेष मोल आहे.

पाऊस मोजण्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख बहुधा कौटिलीय अर्थशास्त्रातील असावा. कोठारात एक अरत्नी (सुमारे हातभर) रुंद तोंडाचे कुंड ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. परंपरेनुसार तो इ. स. पू. चौथ्या शतकातला मानतात, तर अनेक अभ्यासक उपलब्ध संहिता इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत खाली आणतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. याच ग्रंथात प्रदेशवार पर्जन्यमान द्रोण या जुन्या धारण-मापात दिले असून अवंतीला, म्हणजे माळव्याला, 23 द्रोण आणि अपरांताला, म्हणजे कोकणाला, अमित पाऊस सांगितला आहे. अश्मकाचे मान अवंतीपेक्षा बरेच कमी आहे. अश्मक गोदावरीच्या खोऱ्यात होते हे सर्वमान्य असले, तरी त्याची पश्चिम सीमा नाशिकपर्यंत पोचत होती काय, हे ठरवता येत नाही. कुंडाचे तोंड गोल की चौकोनी याचा स्पष्ट निर्देश नसल्यामुळे द्रोणाचे मिमीमध्ये केलेले सर्व रूपांतर अंदाजाचे राहते. कोरियात 1441–42 च्या सुमारास मात्र ठराविक मापाची पात्रे प्रांतोप्रांती वापरात आली. पर्जन्यमापनाच्या प्रमाणित जाळ्याचा आरंभ तेथून धरणे योग्य होय.

कुंडाच्या तोंडाचा हा प्रश्न घरगुती पर्जन्यमापकालाही तसाच लागू पडतो. पावसाची उंची म्हणजे जमलेले पाणी भागिले तोंडाचे क्षेत्रफळ. आतून 16 सेंमी व्यासाचे नरसाळे घेतल्यास क्षेत्रफळ सुमारे 201 चौ. सेंमी होते आणि दर 20 मिलि पाण्यामागे 1 मिमी पाऊस असे सोपे गणित जमते. नरसाळ्याखालच्या कॅनमध्ये 470 मिलि पाणी निघाले, तर पाऊस सुमारे 23.4 मिमी. व्यास मोजताना अर्धा सेंमी चूक झाली, तर प्रत्येक नोंद सहा टक्क्यांनी चुकते, म्हणून काठ आतून दोन दिशांनी मोजावा. दोन लिटरची बाटली 100 मिमीलाच भरते, यास्तव पाच लिटरचा कॅन बरा. वाचन रोज सकाळी 8.30 वाजता घ्यावे व गेल्या 24 तासांचा पाऊस त्याच तारखेस लिहावा. भारतीय हवामानशास्त्र विभागाची हीच रीत असल्याने तुलना शक्य होते.

गच्चीवर पाऊस कमी भरतो, कारण कठड्यावरून उसळणारा वारा थेंब नरसाळ्यावरून पुढे नेतो. अंगणात, जवळच्या भिंतीच्या वा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, काठ जमिनीपासून सुमारे 30 सेंमी उंच ठेवणे उत्तम. स्वयंचलित यंत्रात छोटे झुलते पात्र ठराविक पाणी भरताच कलंडते व प्रत्येक कलंडणे मोजले जाते. जोराच्या सरीत कलंडतानाचे पाणी निसटून नोंद कमी येते. पाऊस थांबल्यावरही तासभर तुरळक नोंदी येत राहिल्या, तर नरसाळ्यात पाने किंवा कबुतरांची घाण अडकली आहे असे समजावे. शेजारी साधा कॅन ठेवल्यास दोन्ही दोष पकडता येतात.

वायुभारमापकात निर्वात धातूची डबी किंवा आधुनिक संवेदकातील पातळ पडदा दाबानुसार वाकतो. उंचीबरोबर दाब घटत असल्याने नाशिकचा मूळ आकडा हवामानाच्या नकाशातील समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा बराच कमी दिसतो. तो बिघाड नव्हे. समजा, घर समुद्रसपाटीपासून 580 मीटरवर असून 26 अंश सेल्सिअस तापमानाला उपकरण 942 हेक्टोपास्कल दाखवते. त्यात सुमारे 64 मिळवले की समुद्रसपाटीचा 1006 हा दाब मिळतो. दाब रोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी व पहाटे चारच्या सुमारास उतरतो. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा असल्याने दुपारची घसरण पावसाचे चिन्ह मानू नये. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करावी.

वातवेगमापकाच्या वाट्या वाऱ्याने फिरतात व फेऱ्यांवरून वेग काढतात. चार वाट्यांचे यंत्र आयरिश खगोलशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1846 मध्ये केले. वाट्या वाऱ्याच्या एक-तृतीयांश वेगाने फिरतात हे त्यांचे मत पुढे टिकले नाही, कारण हे प्रमाण वाटी व दांडीच्या मापांप्रमाणे बदलते. यंत्र बसवण्याची प्रमाणित उंची मोकळ्या जागेत 10 मीटर असते. पाण्याच्या टाकीशेजारी बसवलेल्या यंत्राचा आकडा फक्त त्या गच्चीपुरता खरा.