साडेचार तास की साडेपाच? झोप आखडून निद्रानाश बरा करण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

झोप आखडण्याची ही पद्धत, म्हणजे स्लीप रिस्ट्रिक्शन थेरपी, कागदावर आली १९८७ साली. अमेरिकेतल्या काही निद्रातज्ज्ञांनी जुनाट निद्रानाशाच्या ३५ रुग्णांवर आठ आठवडे ती करून पाहिली. ‘झोप येत नाही’ म्हणणाऱ्यांना त्यांनी अंथरुणात कमी वेळ राहायला लावलं. ‘झोप आली तरच आडवं व्हा, नाहीतर उठून बसा’ ही पद्धत त्याच्या पंधरा वर्षं आधीपासून होती. त्यामागचा इतिहास मुख्यतः गोळ्यांचा आहे, तो इथे सोडून देऊ.

त्या तज्ज्ञांचं म्हणणं साधं होतं. निद्रानाश सुरू होतो एका कारणानं आणि टिकतो दुसऱ्याच कारणानं. कर्जाचा हप्ता थकला, बोंडअळीनं पऱ्हाटी गेली, घरात कोणी वारलं, की झोप उडते. पुढे ते दुःख निवतं, पण तोवर माणसानं झोप भरून काढायला रात्री लवकर पडायचं, पहाटे लोळत राहायचं आणि दुपारी डुलकी काढायची सवय लावून घेतलेली असते. त्यामुळे पाच तासांची झोप नऊ तासांवर पातळ पसरते, मधे तासन् तास जागरण होतं आणि बाज ही जागं राहण्याची जागा होऊन बसते. पसरलेली झोप आखडून घट्ट करायची, एवढीच या उपचाराची कल्पना आहे.

आता पायऱ्या एका उदाहरणावरून पाहू. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पन्नाशीच्या एक काकू आहेत. ‘रातभर डोयाले डोया नाई लागत’ ही त्यांची तक्रार दोन वर्षं जुनी आहे. पहिले दोन आठवडे उपचार काहीच नाही, फक्त नोंद. रोज सकाळी उठल्यावर लिहायचं, लिहिता येत नसेल तर सुनेला सांगायचं: किती वाजता पडले, झोप लागायला किती वेळ गेला, मधे किती जागले, किती वाजता उठले. अंदाज पुरतो. रात्री घड्याळ पाहायचं नाही, कारण पाहिलं की हिशेब सुरू होतो आणि झोप आणखी लांबते. काकूंची सरासरी अशी निघाली: बाजेवर साडेआठ ते साडेपाच, म्हणजे नऊ तास, झोप साडेपाच तास. अंथरुणातल्या वेळेपैकी झोपेत गेलेला वाटा ६१ टक्के. सगळा उपचार या टक्केवारीवर चालतो.

मग अंथरुणातला वेळ झोपेइतकाच करायचा, म्हणजे साडेपाच तास. आधी उठायची वेळ ठरवायची आणि ती रोज तीच ठेवायची, सणवार असो की बाजार. काकूंना पाचला उठायचं आहे, म्हणून पाठ टेकायची ती साडेअकराला. दुपारची झोप बंद. पहिला आठवडा जड जातो. संध्याकाळी मान लवते, डोकं जड होतं, चिडचिड होते. दिवसा झोप अजिबात येत नसेल तर नोंद तरी चुकली आहे, नाहीतर साडेआठच्या टीव्हीसमोर, खुर्चीत किंवा भजनाला बसल्याबसल्या डुलकी लागते आहे. तसं असेल तर रात्री साडेअकराला पडूनही झोप लागत नाही आणि माणूस म्हणतो, ‘या उपचारानं काही होत नाही.’ म्हणून तपासताना पहिला प्रश्न या डुलकीबद्दल विचारावा.

आठवड्याअखेर काकूंची झोप निघाली सरासरी चार तास पन्नास मिनिटं, म्हणजे ८८ टक्के. एकूण झोप आधीपेक्षा कमीच झाली आहे, पण तुटलेली नाही. आता पुढे काय करायचं ते कोणता नियम धरता यावर ठरतं. १९८७ चा नियम कडक होता: ९० टक्क्यांवर गेलं तर पंधरा मिनिटं वाढवायची, ८५ च्या खाली आलं तर कमी करायची, मधे असेल तर आहे तसं ठेवायचं. त्या हिशेबानं काकूंना आणखी एक आठवडा साडेअकराच. नंतरच्या बऱ्याच पद्धतींत ८५ पुरेसे धरतात. मग सव्वाअकराला पडता येतं. वाढवायचं ते एका वेळी पंधरा मिनिटंच, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचं. अंथरुणातला वेळ सव्वासहा-साडेसहा तासांवर गेला की टक्का पुन्हा घसरायला लागतो, अशी काहींची अवस्था होते. आपली गरज तिथपर्यंतच आहे असं धरून तिथेच थांबायचं.

खरा वाद मात्र टक्क्यांचा नाही. तो आहे अंथरुणातला वेळ किती खाली न्यायचा याचा. मूळ निबंधात किमान साडेचार तास होते. ‘मी तीनच तास झोपतो’ म्हणणाऱ्यालाही साडेचार तास मिळायचेच, त्याहून कमी नाही. पुढे ही मर्यादा वर सरकत गेली: कोणी पाच घेतले, कोणी साडेपाच, काही ठिकाणी सहा. साडेचारच्या बाजूचा मुद्दा असा की वेळ जितका आखडाल तितकी झोपेची ओढ लवकर बनते आणि तितक्या लवकर फरक दिसतो. दुसऱ्या बाजूचा मुद्दा आधी सावधगिरीचा होता, मग त्याला मोजमापाचा आधार मिळाला. जुनाट निद्रानाश असलेली माणसं आपली झोप बहुधा कमीच सांगतात, म्हणजे ‘तीन तास’ हा आकडा मुळात कच्चा. शिवाय २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात यंत्रावर मोजलेली झोप पहिल्या आठवड्यात सुमारे दीड तासानं घटलेली दिसली आणि लक्ष ठेवण्याची क्षमताही मंदावली. उपचार झोप ‘वाढवतो’ असं सुरुवातीला सांगणं म्हणूनच खरं नाही.

मला विचाराल तर शेतकरी माणसाला साडेपाचच्या खाली नेऊ नये. मूळचे आकडे दवाखान्यात येणाऱ्या शहरी रुग्णांवरून ठरले. आपल्याकडे तोच माणूस दुसऱ्या दिवशी थ्रेशरला हात घालतो, कडबा कुट्टीसमोर बसतो, ट्रॅक्टर चालवतो, दुचाकीवरून तालुक्याला जातो. निदान पहिले दोन-तीन आठवडे ही कामं दुसऱ्याकडे द्यावीत. ते जमणार नसेल तर उपचार पुढे ढकलावा. फिट येणाऱ्यानं, मूड फार चढ-उतार होणाऱ्यानं म्हणजे बायपोलर आजार असलेल्यानं, झोपेत चालणाऱ्यानं तर डॉक्टरांशिवाय हा उपचार करूच नये, कारण अपुरी झोप यांतली दुखणी चाळवते. रात्री घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर आधी ते तपासावं.

वेळ निवडणं हाही आपल्याकडे मोठा भाग आहे. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं. रानडुकरांसाठी जागल असते. उठायची वेळ स्थिर राहिली नाही की पद्धत पांगळी होते, म्हणून रब्बीत सुरुवात करू नये. उन्हाळा बरा, शेतीचं काम हलकं असतं आणि घर थंड व्हायला तसेही अकरा वाजतात. नवाला गाव झोपतं, मग साडेअकरापर्यंत करायचं काय, हा प्रश्न काकूंसारख्या प्रत्येकाला येतो. ओसरीवर बसून भाजी निवडा, कापूस साफ करा, शेजारणीशी बोला. फक्त बाजेवर आडवं होऊ नका.

अलीकडच्या वर्षांत उपचार तज्ज्ञांच्या हातातून बाहेर आला आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं २०१६ साली जुनाट निद्रानाशावर आधी गोळी न देता वर्तनोपचार द्यावा असं सुचवलं आणि त्या वर्तनोपचारात झोप आखडणं हा महत्त्वाचा भाग असतो. ब्रिटनमध्ये ६४२ लोकांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर फक्त हा एकच भाग वापरला, तोही प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी, चार भेटींत. सहा महिन्यांनी त्या गटाचा निद्रानाश हा उपचार न मिळालेल्या गटापेक्षा कमी होता. गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना नोंदीचा कागद आणि टक्केवारीचा हिशेब अवघड नाही. अडचण येते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा रुग्ण ‘आज लवकर पडलो तर काय बिघडलं?’ विचारायला येतो आणि त्या दिवशी बाई लसीकरणाला गेलेल्या असतात.