चॅटबॉटला फोटो दिसतो, मग व्हिडिओ का दिसत नाही?

टेबलावर तीन सारख्या वाट्या पालथ्या घातल्या आहेत. एकीखाली नाणं ठेवलं जातं आणि मग त्यांची भराभर अदलाबदल सुरू होते. अर्धा मिनिट हा खेळ चालतो. शेवटी प्रश्न एकच: नाणं कुठल्या वाटीखाली आहे? या क्लिपमधली कुठलीही एक फ्रेम चॅटबॉटला दाखवली, तर तो तिचं वर्णन सहसा नीट करतो. तीन वाट्या, दोन हात, लाकडी टेबल, सगळं सांगतो. पूर्ण क्लिप देऊन नाण्याबद्दल विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर अंदाजानेच येतं. काही चॅटबॉट तर व्हिडिओची फाइल स्वीकारतच नाहीत.

याचं कारण समजायला आधी एक चित्र आत कसं जातं ते पाहू. २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘व्हिजन ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. तिच्यात २२४ पिक्सेल रुंद आणि तितकंच उंच चित्र घेतात आणि त्याचे १६ × १६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे करतात. एका ओळीत १४ तुकडे, अशा १४ ओळी, म्हणजे एकूण १९६. प्रत्येक तुकड्याचं रूपांतर आकड्यांच्या एका यादीत होतं आणि त्या यादीला टोकन म्हणतात. मजकुरातले शब्द आणि शब्दांचे तुकडेही टोकन म्हणूनच आत जातात. म्हणून चॅटबॉटच्या आत काम करणाऱ्या भाषेच्या मॉडेलला चित्र जोडता येतं: त्याच्या दृष्टीने तो १९६ टोकनांचा एक वेगळ्या प्रकारचा परिच्छेद असतो. आजची मॉडेल मोठी चित्रं घेतात आणि एका चित्रावर याहून कितीतरी जास्त टोकनही खर्च करतात, पण हिशेबासाठी आपण १९६ हाच आकडा धरू.

आता दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर त्यात १५,००० फ्रेम भरतात आणि त्यांची टोकनं होतात २९,४०,०००. मॉडेल एका वेळी किती टोकनं समोर ठेवू शकतं याला ठरलेली मर्यादा असते. अनेक मॉडेलमध्ये ती एक ते दोन लाखांच्या आसपास असते, काहींत दहा लाख किंवा त्याहून वर जाते. म्हणजे आपला दहा मिनिटांचा व्हिडिओ जसाच्या तसा बहुतेक मॉडेलमध्ये मावत नाही.

जागेपेक्षाही जड पडते ती मेहनत. मॉडेलच्या आत प्रत्येक टोकन इतर टोकनांशी ताडून पाहिलं जातं. एका फ्रेममध्ये १९६ गुणिले १९६, म्हणजे साधारण ३८ हजार जोड्या होतात. सेकंदाला एकच फ्रेम घेतली, तर दहा मिनिटांच्या ६०० फ्रेम होतात. टोकनं ६०० पट वाढतात, पण जोड्या ६०० गुणिले ६००, म्हणजे ३,६०,००० पट वाढतात. हा खर्च कमी करायच्या युक्त्या आहेत, पण त्याची जात बदलत नाही: लांबी दुप्पट केली की जोड्या चौपट होतात.

इथे एक रास्त शंका येते. व्हिडिओची फाइल तर फोनमध्ये सहज मावते, मग अडचण कसली? फाइल छोटी असते ती साठवण्याच्या पद्धतीमुळे. २००३ मध्ये मान्यता मिळालेल्या आणि आजही सर्रास वापरात असलेल्या H.264 पद्धतीत अधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण साठवतात, बाकीच्यांसाठी आजूबाजूच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदललं एवढंच लिहून ठेवतात. मॉडेलला देण्यापूर्वी मात्र हे सगळं उलगडून प्रत्येक फ्रेम पुन्हा पूर्ण चित्र करावी लागते. न हललेलं टेबल दर फ्रेममध्ये नव्याने तुकडे होऊन आत जातं, आणि फाइलमध्ये वाचवलेली जागा इथे कामाला येत नाही.

म्हणून जे चॅटबॉट व्हिडिओ घेतात, तेही बहुधा मोजक्या फ्रेम वेचतात. २०२४ मध्ये आलेल्या गूगलच्या जेमिनी १.५ ने तासाभराचा व्हिडिओ घेता येतो असं दाखवलं, तेव्हा मुख्य तडजोड हीच होती: सेकंदाला एक फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला २५८ टोकन. तासाच्या ३,६०० फ्रेमची टोकनं सव्वानऊ लाखांच्या वर जातात, म्हणजे दहा लाखांची मर्यादा जवळजवळ चित्रांनीच भरते.

वाट्यांकडे परत येऊ. एका अदलाबदलीला अर्धा सेकंद लागत असेल, तर वेचलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये दोन अदलाबदली होऊन जाऊ शकतात. आधीच्या फ्रेममध्ये डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे एकेक वाटी आहे, नंतरच्या फ्रेममध्येही तेच आहे. वाट्या हुबेहूब सारख्या असल्याने दोन्ही चित्रं एकसारखीच दिसतात. नाणं कुठे गेलं ही माहिती त्या फ्रेमपैकी एकीतही नाही, ती फक्त मधल्या हालचालीत होती. नाण्याची वाटी हललेली एक अदलाबदल जरी निसटली, तरी पुढचा माग चुकतो. असं झाल्यावर मॉडेल कितीही हुशार असलं तरी बरोबर उत्तराची शक्यता तीनात एक एवढीच उरते. स्वयंपाकाची कृती किंवा भाषण असेल तर हे फारसं नडत नाही, कारण तिथली दृश्यं सेकंदन्‌सेकंद टिकून राहतात.

आपल्या चॅटबॉटने व्हिडिओ खरंच पाहिला का, हे तपासता येतं. लिंक दिल्यावर आलेला सारांश अनेकदा फक्त सबटायटलवरून, कधी तर शीर्षकावरून लिहिलेला असतो. तेव्हा दिसलेली पण कुणीही न बोललेली गोष्ट विचारावी, उदाहरणार्थ बोलणाऱ्याच्या मागे भिंतीवर काय होतं. तेही बरोबर आलं तर फ्रेम पोहोचल्या आहेत. पुढची परीक्षा क्रमाची. दार उघडतानाची क्लिप उलटी करून द्यावी. उत्तर तरीही ‘दार उघडतंय’ असंच आलं, तर मॉडेल वेगवेगळी चित्रं पाहून गोष्ट जुळवतं आहे, त्यांच्या क्रमाकडे त्याचं लक्ष नाही.

ज्या क्षणाबद्दल प्रश्न आहे तो ठाऊक असेल, तर फ्रेम आपणच काढून दिलेल्या बऱ्या. `ffmpeg` या मोफत साधनाने ते एका ओळीत होतं:

```
ffmpeg -ss 00:04:10 -i video.mp4 -t 6 -vf fps=8 frame_%03d.png
```

यात चार मिनिटं दहा सेकंद झाल्यापासून पुढचे सहा सेकंद घेतले आहेत, सेकंदाला आठ फ्रेम या दराने. एकूण ४८ चित्रं होतात, पण एका संदेशाला तेवढी चालतात का ते आधी पाहावं. चित्रं क्रमाने द्यावीत आणि दोन चित्रांत आठवा भाग सेकंदाचं अंतर आहे हेही लिहावं, कारण सुट्या चित्रांवर वेळ लिहिलेली नसते.

वाट्यांची अख्खी अर्ध्या मिनिटाची क्लिप या दराने २४० फ्रेमची होते, आपल्या हिशेबाने ४७,०४० टोकनांची. ती बऱ्याच मॉडेलमध्ये मावेल. तरी नाणं सापडेलच असं नाही. या मॉडेलच्या शिकवणीत चित्र आणि त्याचं वर्णन अशा जोड्यांचा मोठा वाटा असतो. मागच्या फ्रेममधली डावी वाटी तीच आताची मधली, असा एकाच वस्तूचा धागा फ्रेममागून फ्रेम धरून ठेवण्याचा सराव त्यात फार कमी असतो. २०२१ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी ‘व्हिविट’ या रचनेत एका फ्रेमच्या चौकोनाऐवजी लागोपाठच्या काही फ्रेममधला तोच चौकोन मिळून एक टोकन करून पाहिलं, म्हणजे थोडी हालचाल टोकनच्या आतच येते. टोकनंही त्यामुळे कमी होतात. पण असा ठोकळा वेळेत जितका लांब करावा, तितकं त्या एकाच यादीत जास्त काही कोंबावं लागतं आणि बारीक तपशील पुसट होतात.