मला भाऊ आहे, माझ्याकडे गाडी आहे

आमच्या नाशिकच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मजकूर फिरत होता. इंग्रज माणूस भाऊ आणि गाडी दोन्हींसाठी 'हॅव' हे एकच क्रियापद वापरतो, म्हणजे त्याच्या लेखी नाती हीसुद्धा मालमत्ताच. आपण मात्र 'मला भाऊ आहे' आणि 'माझ्याकडे गाडी आहे' असा फरक करतो, कारण आपली संस्कृती नात्यांना जपणारी आहे. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

यातलं निरीक्षण अगदी खरं आहे आणि ते प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी मुद्दाम पाहावं असं आहे. निष्कर्ष मात्र पार चुकीचा आहे. 'मला' जर प्रेमाचं चिन्ह असेल, तर 'त्याला खूप शत्रू आहेत' हे वाक्य कसं झालं? 'त्याच्याकडे खूप शत्रू आहेत' असं कुणी म्हणत नाही. 'टेबलाला चार पाय आहेत' म्हणताना टेबलाचं पायांवर प्रेम नसतं. आपल्याकडच्या बिनबियांच्या द्राक्षाबद्दलही आपण 'या द्राक्षाला बी नाही' असंच म्हणतो.

मग या सगळ्यांत समान काय आहे? भाऊ, शत्रू, टेबलाचा पाय, द्राक्षातली बी ही सगळी कुणाची तरी किंवा कशाची तरी असतात. नुसता 'भाऊ' अशी व्यक्ती जगात नाही, ती कुणाचा तरी भाऊ असते. गाडीचं तसं नाही. ती शोरूममध्ये उभी असतानाही गाडीच असते. भाषाशास्त्रात पहिल्या प्रकाराला अविच्छेद्य आणि दुसऱ्याला विच्छेद्य स्वामित्व म्हणता येईल. शरीराचे अवयव, नातलग आणि वस्तूचे भाग सहसा पहिल्या गटात पडतात.

प्रत्यय बदलून पाहिला की हा फरक हाताला लागतो. 'मला दोन मुलं आहेत' म्हणजे ती माझी. 'माझ्याकडे दोन मुलं आहेत' म्हणजे बहिणीची मुलं सुट्टीत राहायला आली असतील किंवा शिकवणीला दोनच विद्यार्थी असतील. 'तिला लांब केस आहेत' म्हटलं तर केस डोक्यावर आहेत. 'तिच्याकडे लांब केस आहेत' म्हटलं तर ती बहुधा गंगावनं विकते. अवयव शरीरापासून सुटला की भाषा त्याला लगेच वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवते.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठीतला '-ला' या एकाच कामाला बांधलेला नाही. 'मला ताप आहे', 'मला चहा आहे का?' इथेही तोच येतो. त्यामुळे '-ला दिसला की अविच्छेद्य' असा नियम करता येत नाही. '-ला' काढून '-कडे' घातल्यावर वाक्य अडखळतं का, किंवा अर्थ 'सध्या ताब्यात आहे' असा सरकतो का, हे पाहावं लागतं.

ही कसोटी दिंडोरी-निफाडच्या बाजूला लावून पाहा, फार गंमत येते. शेतकऱ्याला आपण विचारतो, 'तुम्हाला शेती किती?' उत्तर येतं, 'आम्हाला पाच एकर आहे.' पण ट्रॅक्टरबद्दल विचारताना 'तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे का?' असंच येतं, 'तुम्हाला' येत नाही. ट्रॅक्टर विकता येतो, तशी जमीनही विकता येते. तरी व्याकरणात जमीन भावाबहिणींच्या शेजारी बसू शकते. 'त्यांच्याकडे पाच एकर आहे' हेही चालतं, म्हणजे जमीन या रेषेवर उभी आहे. आणि 'माझ्याकडे त्याची दोन एकर बाग आहे' म्हटलं, की बाग त्याची आणि सांभाळतो मी, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

हा भेद सगळ्या मराठीभर असा विखुरलेला आहे, पण काही भाषांत तो नामाच्या अंगावरच दिसतो. फिजी बेटांच्या भाषेत 'उलु' म्हणजे डोकं. 'माझं डोकं' म्हणायचं तर 'माझं' दाखवणारा '-ंगु' हा प्रत्यय थेट नामाला चिकटतो: 'उलुंगु'. घराला, म्हणजे 'वाले'ला, तो चिकटत नाही. त्यासाठी मध्ये एक वेगळा शब्द उभा करावा लागतो आणि प्रत्यय त्याला लागतो: 'नोंगु वाले'. फिजीच्या आसपासच्या मेलानेशियन भाषांतला हाच प्रकार पाहून फ्रेंच अभ्यासक ल्यूसियाँ लेव्ही-ब्रुल यांनी 1914 मध्ये या दोन गटांची चर्चा केली. पुढे जगभरच्या भाषांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. 'माझं डोकं' आणि 'माझं घर' यांची रचना वेगळी असेल, तर जास्तीचा शब्द किंवा प्रत्यय घराच्या बाजूला असतो. याच्या उलट सहसा होत नाही.

असं का व्हावं, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन हायमन यांनी 1983 मध्ये मांडलं की शब्दांमधलं अंतर हे कल्पनांमधल्या अंतराचं चित्र असतं. डोकं माझ्याशी जोडलेलं आहे म्हणून प्रत्ययही जोडलेला. घर माझ्यापासून सुटं आहे म्हणून मध्ये एक शब्द. पटकन पटतं.

दुसरे भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांचं 2017 मधलं उत्तर वेगळं आहे आणि मला ते जास्त पटतं. ते म्हणतात, अंतर बाजूला ठेवा, अंदाज किती सहज बांधता येतो ते पाहा. डोकं, हात, आई हे शब्द बोलण्यात बहुतेक वेळा कुणाचे तरी म्हणूनच येतात. 'तिने हात धुतले' यात कुणाचे ते सांगावं लागत नाही. 'त्याने आईला फोन केला' म्हटल्यावर आई त्याचीच. पण 'त्याने गाडी धुतली' ऐकलं की गाडी कुणाची हे खात्रीने सांगता येत नाही. जे ऐकणाऱ्याला आधीच अपेक्षित आहे त्यावर बोलणारा कमी श्रम घेतो, जे अनपेक्षित आहे त्यावर जास्तीची खूण करतो. पिढ्यानपिढ्या असं होत गेलं की त्याचं व्याकरण बनतं.

या दोन उत्तरांतून निवड कशी करायची? जिथे दोघांचे अंदाज वेगळे पडतात अशी भाषा शोधायची. अलास्कातल्या कोयुकॉन भाषेत 'माझं' हा उपसर्ग आहे, तो नामाच्या आधी चिकटतो. 'माझं डोकं' म्हणायला तेवढा पुरतो. 'माझे मोजे' म्हणायला मात्र उपसर्ग लागतोच, शिवाय नामाच्या शेवटी आणखी एक प्रत्यय लागतो. ही जास्तीची खूण 'माझे' आणि 'मोजे' यांच्या मध्ये नाही, पलीकडच्या टोकाला आहे. तिने दोघांतलं अंतर जरासुद्धा वाढत नाही. हायमन यांच्या हिशेबात तिला जागाच नाही. हास्पेलमाथ यांच्या हिशेबात ती अगदी बरोबर बसते, कारण जास्तीची खूण जास्तीच्या माहितीसाठी आहे आणि ती कुठल्या बाजूला येते याने फरक पडत नाही.

आपलं 'मला' हे 'माझ्याकडे'पेक्षा आखूड आहे, हे कुणाच्या लक्षात आलं असेल. यालाही तोच नियम लावायचा मोह होतो, पण हास्पेलमाथ यांचा युक्तिवाद 'माझं अमुक' या जोडीबद्दल आहे, 'मला अमुक आहे' या वाक्याबद्दल नाही. 'माझा भाऊ' आणि 'माझी गाडी' यांत मराठी काहीच भेद करत नाही. इंग्रजीही करत नाही. तिथे आपण आणि इंग्रज एकाच बाकावर आहोत, म्हणजे त्या व्हॉट्सअॅपच्या मजकुराने संस्कृती मोजायला घेतलेली पट्टी पुढच्याच वाक्यात मोडते.

शिवाय रेषा कुठे पडेल हे भाषेगणिक बदलतं. हवाईच्या भाषेत स्वामित्वाच्या दोन मालिका आहेत, एक 'ओ'ची आणि एक 'आ'ची. आईवडील आणि अवयव 'ओ'मध्ये जातात. नवरा, बायको आणि स्वतःची मुलं 'आ'मध्ये जातात, म्हणजे जी नाती आपल्यापासून सुरू होतात ती. जी आपल्याला जन्मतःच मिळतात ती पलीकडे. हवाईच्या लोकांना मुलं कमी प्रिय आहेत असा अर्थ यातून कुणी काढू नये. आणि घर, जे फिजीत साध्या वस्तूंमध्ये बसतं, ते हवाईत आईवडिलांसोबत 'ओ'मध्ये बसतं, जरी या दोन्ही भाषा एकाच कुटुंबातल्या असल्या तरी.