बॅगेत काय घ्यायचं ते छोट्या बॅगांना विचारा

एक बॅग आहे, त्यात जास्तीत जास्त ६ किलो मावतं. समोर तीन वस्तू आहेत. क चं वजन ४ किलो आणि किंमत ९, ख ३ किलोची, किंमत ६, आणि ग पण ३ किलोचीच पण किंमत ५. प्रत्येक वस्तू एकच आहे आणि ती एकतर पूर्ण घ्यायची नाहीतर सोडायची, अर्धी कापून घेता येत नाही. म्हणून याला झिरो-वन नॅपसॅक म्हणतात. एकूण किंमत जास्तीत जास्त कशी होईल?

पहिल्यांदा सगळ्यांच्याच डोक्यात येतं की किलोमागे सर्वात महाग काय ते आधी उचलू. क ला किलोमागे सव्वादोन मिळतात, म्हणून क घेतली, आता २ किलो जागा उरली आणि त्यात काहीच बसत नाही, किंमत ९ वर अडकली. खरं उत्तर ख आणि ग मिळून ११ आहे. तीनच वस्तू असल्या तर सगळे पर्याय करून बघता येतात, पण ४० वस्तू झाल्या की पर्याय एक लाख कोटीच्या वर जातात.

मग टेबल बनवायचं. कॉलम म्हणजे बॅगेची क्षमता, पण फक्त ६ नाही, ० पासून ६ पर्यंत प्रत्येक. ओळ म्हणजे इथपर्यंतच्या वस्तूंमधून निवडायला परवानगी. प्रत्येक घरात एवढ्या बॅगेत एवढ्या वस्तूंमधून मिळणारी सर्वात चांगली किंमत लिहायची.

```
क्षमता    ०  १  २  ३  ४  ५  ६
काही नाही  ०  ०  ०  ०  ०  ०  ०
+ क      ०  ०  ०  ०  ९  ९  ९
+ ख      ०  ०  ०  ६  ९  ९  ९
+ ग      ०  ०  ०  ६  ९  ९  ११
```

घर भरताना एकच प्रश्न असतो, ही वस्तू घेतली तर फायदा आहे का? सोडली तर वरच्या ओळीतला आकडा जसाच्या तसा खाली येतो. घेतली तर तिचं वजन बॅगेतून वजा करा, उरलेल्या क्षमतेचा वरच्या ओळीतला आकडा बघा आणि त्यात तिची किंमत मिळवा. दोघांत जो मोठा तो लिहायचा. शेवटचं घर बघा, ग सोडली तर ९, घेतली तर ५ आणि ३ किलोच्या बॅगेतले ६, म्हणजे ११.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती म्हणजे ख च्या ओळीतला तो ६. त्या वेळी ६ किलोच्या बॅगेत ख हरलेली असते, तिथे ९ च राहतात, तरी ३ किलोच्या कॉलममध्ये तिचा ६ नोंदलेला राहतो आणि पुढे ग आली की तोच कामाला येतो. किलोमागे भाव बघणाऱ्या पद्धतीकडे ही नोंद नसते, म्हणून तिला क सोडावी हे कळतच नाही.

कुठल्या वस्तू घेतल्या हे उलटं चालत गेलं की कळतं. ११ च्या वर ९ आहे, म्हणजे आकडा बदलला, म्हणजे ग घेतली. ३ किलो मागे आलो, तिथे ६ आणि वर ०, म्हणजे ख घेतली. जागा संपली, क बाहेर.

प्रोग्राम लिहिणारे बऱ्याचदा सगळं टेबल न ठेवता एकच ओळ पुन्हा पुन्हा बदलतात:

```
best = [0] * (C + 1)
for w, v in items:
    for c in range(C, w - 1, -1):
        best[c] = max(best[c], best[c - w] + v)
```

इथे ओळ उजवीकडून डावीकडे भरलीच पाहिजे. डावीकडून भरली तर ख च्या वेळी ३ च्या घरात ६ आधीच लिहिला जातो, मग ६ च्या घरात परत ६ मिळवून १२ येतात, म्हणजे एकच ख दोनदा बॅगेत गेली. उत्तर खऱ्यापेक्षा मोठं आलं की आधी हीच दिशा तपासा. शिवाय एकच ओळ ठेवली तर उलटं चालत जायची वाट पण पुसली जाते.

आता मर्यादा. काम वस्तूंची संख्या गुणिले क्षमता एवढं असतं, म्हणून क्षमतेचा आकडा मोठा झाला की टेबल फुगतं. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ अवघड प्रश्नांची यादी दिली त्यात नॅपसॅक आहे, आणि या टेबलमुळे त्याचं अवघड असणं खोटं ठरत नाही. आपलीच बॅग ग्रॅममध्ये मोजली तर ७ ऐवजी ६००१ कॉलम होतात. सगळी वजनं हजाराच्या पटीत असतील तर हजाराने भागून परत ७ वर येता येतं. पण ख जर ३००१ ग्रॅमची निघाली आणि आपण ती ३ किलो धरली तर टेबल ११ च सांगणार, प्रत्यक्षात ख आणि ग मिळून ६००१ ग्रॅम होतात, बॅगेत मावत नाहीत आणि खरं उत्तर ९ असतं.