ताप डोक्यात जातो का?

"सहा वर्षांच्या लेकीला १०२ ताप आहे. लगेच उतरवला नाही तर डोक्यात जाईल ना?" लालबागच्या आमच्या चाळीतली शेजारीण.

नाही जात. हा ताप मेंदूनेच मागवलेला असतो. जंतू घुसले की पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान वर चढवायचं ठरवतो. तिथवर पोचेपर्यंत थंडी वाजते, हुडहुडी भरते. त्या उष्णतेत पांढऱ्या पेशी चपळ होतात, बऱ्याच विषाणूंची वाढ मंदावते. लगाम मेंदूच्या हाती असल्याने असा ताप सहसा १०६च्या पुढे जात नाही. उष्माघातात मात्र तो लगाम सुटतो. पोर मलूल असेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. बर्फ नको, त्याने हुडहुडी वाढते. पण पावसाळ्यातली मुंबई आहे, ताप टिकला तर मलेरिया-डेंग्यूसाठी रक्त तपासाच. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप असला तरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.