व्हॉइस नोट, छोटे फोन आणि सुरुवातीची जवळीक

नवी ओळख झालेली दोन माणसे नुसती टाइप करून बोलत राहिली, तर जवळीक एका तऱ्हेने वाढते. मध्ये वीस सेकंदांची व्हॉइस नोट किंवा पाच मिनिटांचा फोन आला, की तिची चाल बदलते. नागपुरात हा बदल सर्वांत आधी क्रियापदात ऐकू येतो. टाइप करताना येथील माणूस बहुधा पुस्तकी होतो आणि ‘काय करत आहात?’ असे लिहितो. तोच बोलायला लागला की ‘काय करून राहिले?’ म्हणतो, ‘हो’चे ‘हाव’ होते, वाक्याच्या शेवटी ‘न’ येतो. लिहिताना तो पाहुण्यांसमोर बसलेला असतो आणि बोलताना घरात.

टाइप केलेल्या शब्दांतून सूर गळतो, आणि लिहिणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्या कानात तो सूर वाजतच असतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे मोजून दाखवले. वाक्य गंभीर आहे की उपरोधिक, हे समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून ते 73 टक्के वेळा कळले, ईमेलमधून मात्र 56 टक्के वेळाच. म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे.

एक प्रसंग कल्पून पाहू. मध्यस्थांमार्फत स्थळ आलेले, घरच्यांसमोर एक भेट झालेली. मुलगी त्रिमूर्तीनगरची, मुलगा मिहानमध्ये शिफ्टच्या नोकरीवर. बारा दिवस फक्त मेसेज चालू आहेत. ती लिहिते, ‘रविवारी फुटाळ्यावर भेटायचं का?’ चार तासांनी उत्तर येते: ‘बघू.’ तिला तो नकार वाटतो आणि दोन दिवस तिची उत्तरे एका-एका शब्दाची होतात. त्याच्या मनात मात्र ‘शिफ्ट कळली की सांगतो’ एवढेच होते. तिसऱ्या दिवशी ती सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावरून अठरा सेकंदांची नोट पाठवते: ‘तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा न, मला राग नाही येणार.’ मागे गर्दीचा गलका आहे आणि शेवटच्या शब्दांवर आवाज थोडा दबला आहे. तो दबलेला आवाज ऐकून त्याला पहिल्यांदा उमगते की आपले उत्तर तिला लागले. रात्री तो फोन करतो. सहा मिनिटांत तोच शब्द पुन्हा येतो, पण ‘बघूऽ न’ असा लांबवून, हसत. सपाट ‘बघू’ आणि लांबवलेला ‘बघूऽ न’ यांतला फरक नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही. तो फक्त टाइप करता येत नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या लेखी उत्तरातही ‘हाव’ येतो. एकदा आवाज ओळखीचा झाला की नंतरचे मेसेज माणूस त्याच आवाजात वाचतो.

मग लोक फोन का टाळतात? अवघडल्यासारखे होईल या भीतीने. अमित कुमार आणि एप्ली यांच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना हीच धास्ती होती. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांना लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक जवळीक वाटली आणि अवघडलेपण जास्त नव्हते. चेहरा दिसण्यानेही फारसा फरक पडला नाही. काम आवाजानेच केले.

हे प्रयोग प्रत्यक्ष संभाषणाचे होते, म्हणून ते व्हॉइस नोटला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. बोलताना एकाचे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सर्वसाधारणपणे सेकंदाचा पाचवा भाग जातो. त्या वेगात ‘हं’, ‘अच्छा’, ‘मग?’ मिळत राहतात. नोटमध्ये हुंकार नसतो. ती पुसून पुन्हा बोलता येते, त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नातली नोट कधीकधी मेसेजइतकीच घोटीव होते. मात्र ती पुन्हा ऐकता येते आणि ऐकणाऱ्याला सवड देते. एकत्र कुटुंबात, जिथे नव्या ओळखीचा फोन हॉलमध्ये घेता येत नाही, तिथे ही सवड फार मोलाची असते.

बिघडते ते लांबीमुळे. चार मिनिटांची नोट ऐकणाऱ्याला बांधून ठेवते. तो ती दुप्पट वेगाने ऐकतो आणि ज्या विरामांसाठी नोट पाठवली तेच आकसतात. माइकचे चिन्ह निळे होऊनही उत्तर दरवेळी लेखीच येत असेल, तर समोरच्याला अजून आवाजाची तयारी नाही असे समजून थांबावे. न विचारता केलेला फोनही असाच भार होतो.

टाइप करण्यातूनही गाढ जवळीक होते. जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये मांडले, की लिहिणारा स्वतःला निवडून दाखवतो आणि वाचणारा उरलेल्या जागा मनाजोग्या भरतो, त्यामुळे ती समोरासमोरच्या जवळिकीपेक्षाही तीव्र होऊ शकते. महिनाभर नुसते लिहून झाल्यावर पहिला फोन अनोळखी वाटतो तो याचमुळे: मनात भरलेला आवाज वेगळाच असतो. म्हणून पहिली छोटी नोट पहिल्या आठवड्यातच जावी, असे माझे मत आहे. ज्यांना बोलताना अडखळायला होते किंवा कमी ऐकू येते, त्यांच्याबाबत मात्र लिहिणेच जवळचे.