अपडेटची मुदत (स्मार्टफोन)

एखाद्या फोनला ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे पुरवू, याची कंपनीने दिलेली हमी म्हणजे त्या फोनची अपडेटची मुदत. फोन निवडताना कॅमेरा आणि प्रोसेसर यांच्याआधी हीच पाहावी, कारण ती संपली की सुस्थितीतला फोनही बँकेच्या व्यवहारांसाठी भरवशाचा राहत नाही.

२०१५ मध्ये स्टेजफ्राइट ही त्रुटी उघड झाली. नुसत्या एमएमएसमधून आलेल्या व्हिडिओमुळे अँड्रॉइड फोनमध्ये शिरकाव करणे तिच्यामुळे शक्य होते. तेव्हापासून गूगल दर महिन्याला त्रुटींची यादी प्रसिद्ध करते. यादीपाठोपाठ दुरुस्तीचा कोडही खुला होतो आणि नेमके कुठे भगदाड होते हे हल्लेखोरांनाही कळते. ज्या फोनला ती दुरुस्ती मिळतच नाही, त्याचे भगदाड मात्र तसेच राहते.

मुदत संपलेला फोन वरकरणी ओळखू येत नाही. ॲप आणि ब्राउझर प्ले स्टोअरमधून अद्ययावत होत राहतात, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे वाटते. पण सिस्टिमचा गाभा असलेले कर्नल, ग्राफिक्स चिप चालवणारा ड्रायव्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या मोडेमच्या आतले सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, यांची दुरुस्ती चिप बनवणाऱ्याकडून फोनच्या कंपनीकडे आणि तिथून फोनमध्ये यावी लागते. ही वाट बंद झाली, तर कोणतेही ॲप ती उणीव भरून काढू शकत नाही.

ग्राहक फसतो तो हिशेबात. मुदत खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. गूगलचा पिक्सेल ६ हा फोन ऑक्टोबर २०२१ मध्ये आला; त्याला ५ वर्षांच्या, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटची हमी होती. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ चा. त्याची हमी ७ वर्षांची, ऑक्टोबर २०३० पर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही कोरे घेतले, तर पहिल्याची २ वर्षे उरतात आणि दुसऱ्याची ६. समजा, पहिला निम्म्या किमतीत मिळाला. तरी दुसऱ्याच्या किमतीचा चौथा हिस्सा त्यावर दरवर्षी खर्च होतो, दुसऱ्यावर मात्र सहावाच. सवलतीतला जुना फोन असा महाग पडतो. म्हणून किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून पाहावे.

‘४ वर्षे अपडेट’ एवढ्यावरही विसंबू नये. नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा दुरुस्त्या यांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, आणि सुरक्षेची मुदत महत्त्वाची. शिवाय काही कंपन्या स्वस्त मॉडेलना दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी दुरुस्ती देतात. कंपनी शब्द पाळते का, हे तिच्याच जुन्या मॉडेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात कळते. तिथे सुरक्षा अपडेटची तारीख असते. 2024-05-01 असे दिसले तर त्या महिन्याच्या अँड्रॉइडमधील दुरुस्त्या आल्या आहेत. 2024-05-05 असेल तर कर्नल आणि चिपच्या दुरुस्त्याही. ती तारीख कित्येक महिने मागे असेल, तर हमीची वर्षे कागदावरच आहेत.